तिसरी ते आठवी एकच पट्टी: अपूर्णांकातून सर्पिल अभ्यासक्रम वर्गात कसा उतरवावा

सर्पिल अभ्यासक्रमाचा विषय निघाला की अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचे नाव घेतले जाते, १९६० साल सांगितले जाते आणि लगेच निष्कर्ष काढला जातो की तोच घटक दरवर्षी पुन्हा शिकवायचा. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याने वर्गात बरेच नुकसान होते. कोणत्याही विषयाचा गाभा मुलाच्या वयाला पेलेल अशा, पण खऱ्या रूपात लवकर मांडता येतो आणि पुढे त्याच गाभ्याकडे परत येताना त्याची खोली वाढवत न्यायची असते, असे ब्रूनर यांचे म्हणणे होते. पाचवीत २/३ + १/६ आणि सहावीत १७/२४ + ११/३६ दिल्याने खोली वाढत नाही, फक्त आकडे वाढतात. परत येताना प्रश्न बदलला पाहिजे, आणि नव्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जुनी समज कामी आली पाहिजे. या दोन्ही गोष्टी घडत नसतील, तर ती उजळणीच आहे.

म्हणून मी तिसरीपासून आठवीपर्यंत साधन एकच ठेवतो आणि अपूर्णांकांची जोडीही एकच ठेवतो: १/४ आणि २/५. साधन म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची ४० सेंटीमीटर लांबीची पट्टी. विदर्भातल्या खेड्यात शेताची गोष्ट एकर-गुंठ्यांत चालते आणि एक एकर म्हणजे ४० गुंठे हे मुलांच्या कानावर घरातच पडलेले असते, त्यामुळे ही पट्टी म्हणजे सारख्या रुंदीचा एक एकराचा तुकडा आणि तिचा प्रत्येक सेंटीमीटर म्हणजे एक गुंठा, असे सांगितले की वेगळे समजावावे लागत नाही. इयत्ता पाठ्यपुस्तकाप्रमाणे एखाद्या वर्षाने पुढेमागे होतील, पण टप्प्यांचा क्रम बदलू नये.

भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवा, हा सल्ला प्रत्येक प्रशिक्षणात मिळतो. अर्धा आणि पाव दाखवण्यापुरती भाकर ठीक आहे, परंतु त्यापुढे ती अडथळा ठरते. गोल वस्तूचे पाच समान भाग मुलाला करता येत नाहीत, पाच चतुर्थांश दाखवायचे तर दुसरी भाकर आणावी लागते, आणि पुढे संख्यारेषा शिकवताना भाकरीचा काहीच उपयोग होत नाही. पट्टी मात्र स्वतःच पुढे संख्यारेषा होते, आणि साधन निवडताना सहाही वर्षांचा विचार करायचा असतो तो याचसाठी.

तिसरी आणि चौथी

तिसरीत पट्टीला घड्या घालून अर्धा, पाव आणि पाऊण दाखवावे. मात्र एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. किराणा दुकानात जाणाऱ्या मुलाला 'पाव म्हणजे किती?' असे विचारले तर ते 'अडीचशे ग्रॅम' असे उत्तर देते. त्याच्यासाठी पाव हे एक ठरलेले वजन असते. त्याच मुलाला एकराचा पाव, डझनाचा पाव आणि रुपयाचा पाव विचारावा. दहा गुंठे, तीन नग आणि पंचवीस पैसे ही उत्तरे शेजारी शेजारी आली की पाव हा नेहमी कशाचा तरी पाव असतो, हे त्याच्या लक्षात येते.

चौथीत अंश आणि छेद लिहायला शिकवावे, आठ-आठ सेंटीमीटरवर खुणा करून पाच भाग पाडावेत आणि १/४ मोठा की २/५, हे पट्टीवर बघून सांगायला लावावे.

पाचवी: जिथे बहुतेक मुले अडकतात

हा टप्पा मलाही दीर्घकाळ अवघड गेला, आणि अजूनही मी सर्वाधिक तासिका इथेच देतो. फळ्यावर १/४ + २/५ लिहिले की निम्मा वर्ग ३/९ असे उत्तर देतो. यावर 'छेद सारखे करा' असे सांगून नियम दिला जातो, तिरकस गुणाकाराची युक्ती दिली जाते आणि उत्तरे बरोबर येऊ लागतात. या युक्तीला माझा ठाम विरोध आहे. ती मिळाल्यावर मूल पट्टीकडे पाहतच नाही, आणि सहावीत बेरीज, गुणाकार व भागाकार एकत्र आले की कोणती युक्ती कुठे वापरायची हे त्याला उमगत नाही.

३/९ हे उत्तर मुलाने कुठून आणले, ते आधी समजून घ्यावे. पहिल्या चाचणीत ४ पैकी १ प्रश्न बरोबर आला आणि दुसऱ्या चाचणीत ५ पैकी २ आले, तर एकूण ९ पैकी ३ बरोबर आले, हे पूर्णपणे खरे आहे. वरचे आकडे वर आणि खालचे खाली मिळवण्याची त्याची रीत एका वेगळ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देते. तिथे दोन चाचण्या मिळून 'पूर्ण' वाढून ९ प्रश्नांचे झाले. आपल्या शेतात 'पूर्ण' वाढत नाही, एकर एकच राहतो. हा फरक मुलाला शब्दांनी सांगून पटत नाही, तो मोजून पटतो.

त्यासाठी बेरीज करण्याआधी अंदाज विचारावा: उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त येईल की कमी? १/४ आणि १/४ मिळून अर्धा होतो, आणि २/५ तर १/४ पेक्षा मोठा आहे हे चौथीत पाहिलेले असते, म्हणून उत्तर अर्ध्याहून जास्तच येणार. मग एका पट्टीतून चौथा भाग, म्हणजे १० सेंटीमीटर, आणि दुसरीतून दोन पंचमांश, म्हणजे १६ सेंटीमीटर, कापून ते तुकडे तिसऱ्या, अखंड पट्टीवर एकापुढे एक ठेवायला सांगावे. ते २६ सेंटीमीटरवर संपतात. आता त्याच पट्टीवर ३/९, म्हणजेच १/३, कुठे येतो ते दाखवायला सांगावे. ती खूण १३ सेंटीमीटरच्या थोडी पुढे येते. दोन्ही तुकडे मिळून जी लांबी व्हायला हवी, ती एकट्या १६ सेंटीमीटरच्या तुकड्याहूनही कमी भरते. हे दिसल्यावर वर्गात गलका होतो, आणि तो होऊ द्यावा.

आता खरा प्रश्न विचारावा. पट्टीचा असा कोणता लहान तुकडा आहे, जो १० सेंटीमीटरच्या तुकड्यातही नेमका बसतो आणि १६ च्या तुकड्यातही? मुले काही वेळ तुकडे लावून पाहतात आणि २ सेंटीमीटर हे उत्तर शोधतात. तो तुकडा पहिल्यात ५ वेळा बसतो, दुसऱ्यात ८ वेळा आणि अख्ख्या पट्टीत २० वेळा. म्हणून १/४ म्हणजे ५/२०, २/५ म्हणजे ८/२० आणि बेरीज १३/२०. छेद समान करणे म्हणजे दोन्ही तुकडे मोजायला एकच माप शोधणे, हे त्याच्या हातून घडलेले असते. कुणी १ सेंटीमीटरचा तुकडा निवडून २६/४० असे उत्तर काढले तर त्याला अडवू नये. २६/४० आणि १३/२० एकाच खुणेवर येतात, आणि सममूल्य अपूर्णांकाचा धडा तिथे आपोआप पुढे सरकतो.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. गुंठे मुलांच्या इतके ओळखीचे असतात की काही मुले १० आणि १६ मिळून २६ अशी साधी बेरीज करतात आणि अपूर्णांकाला हातच लावत नाहीत. उत्तर बरोबर येते, त्यामुळे शिक्षकाला शंकाही येत नाही. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. दुसऱ्या दिवशी ६० सेंटीमीटरची पट्टी द्यावी आणि तीच बेरीज करायला सांगावी. तुकडे १५ आणि २४ होतात, बेरीज ३९ येते. 'पट्टीचा कितवा भाग?' असे विचारल्यावर ज्याला पुन्हा १३/२० सांगता येते, तो हा टप्पा ओलांडून गेला. जो ३९ वरच थांबतो, तो अजून गुंठेच मोजतो आहे, आणि त्याला सहावीचा गुणाकार देण्यात अर्थ नाही. पट्टी बदलली तरी अपूर्णांक बदलत नाही, ही समज आल्याशिवाय पुढचा एकही टप्पा टिकत नाही.

सहावी

गुणाकारासाठी आयताकृती कागद घ्यावा. एका बाजूने चार आणि दुसऱ्या बाजूने पाच समान भागांच्या घड्या घातल्या की २० घरे होतात. २/५ भाग रंगवून त्याचा चौथा भाग मोजला तर २ घरे येतात, म्हणजे २/२० किंवा १/१०. गुणाकाराने संख्या वाढतेच, ही मुलांची पक्की समजूत इथे मोडते.

भागाकारासाठी पुन्हा पट्टीवर यावे: १६ सेंटीमीटरच्या तुकड्यात १० सेंटीमीटरचा तुकडा किती वेळा बसतो? एक वेळ पूर्ण बसतो आणि ६ सेंटीमीटर उरतात. मुले या ६ ला पट्टीचे ६/४० समजतात. पण आता माप १० सेंटीमीटरचा तुकडा आहे, म्हणून उरलेला भाग ६/१०, म्हणजे ३/५, आणि उत्तर १ पूर्णांक ३/५. पाचवीत 'पूर्ण' कोणते हे नीट कळलेल्या मुलाला हे एकदाच सांगावे लागते.

सातवी आणि आठवी

सातवीत पट्टी जमिनीवर आडवी ठेवून तिच्या डाव्या टोकाला शून्य लिहावे, शून्याच्या डावीकडे दुसरी पट्टी लावून ऋण परिमेय संख्या दाखवाव्यात आणि १/४ व २/५ यांच्या मधली संख्या शोधायला लावावी. १० आणि १६ यांच्या मधोमध १३ येते, म्हणजे १३/४०. मग १/४ आणि १३/४० यांच्या मध्ये काय, असे विचारत गेले की मधल्या संख्या संपत नाहीत हे मुलांना दिसते.

आठवीत अपरिमेय संख्या येतात तेव्हा पट्टीची मर्यादाही येते. ४० सेंटीमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण मोजला तर तो साधारण ५६.६ सेंटीमीटर भरतो, आणि पट्टीचे कितीही बारीक समान भाग पाडले तरी त्यांची एकही खूण कर्णाच्या टोकावर नेमकी येत नाही. परंतु हे मोजून सिद्ध होत नाही, कारण फूटपट्टीला इतका बारीक फरक दिसतच नाही. इथे तर्कानेच सिद्धता द्यावी आणि पट्टी बाजूला ठेवावी.

शाळा बदलताना

अनेक गावांतली जिल्हा परिषदेची शाळा चौथी-पाचवीला संपते आणि मूल शेजारच्या गावी जाते. तिथल्या शिक्षकांना मागे काय झाले ते माहीत नसते, आणि ते पुन्हा भाकरीपासून सुरुवात करतात. म्हणून पाचवीच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या दाखल्यासोबत त्याची पट्टी आणि एक चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत तीनच गोष्टी लिहाव्यात: मूल वेगळ्या छेदांची बेरीज पट्टीवर करते का, ६० सेंटीमीटरच्या पट्टीवर त्याने १३/२० सांगितले का, आणि तिरकस गुणाकार त्याला अजून शिकवलेला नाही.