पैठणी घेताना या चुका टाळा: रेशीम तपासलं, पण माग तपासला का?

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या घरी पिशव्या यायला लागतात. जालन्यातल्या ओळखीच्या बायका नवी पैठणी घेऊन येतात आणि विचारतात, "बघा ना, खरी आहे का?" माझं आजोळ पैठणचं. मी स्वतः विणकर नाही, पण लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मागाच्या आवाजात गेल्या, म्हणून त्या माझ्याकडे येतात. वाईट याचं वाटतं की बिल झाल्यावर येतात. त्याच त्या चुका, आणि त्यातली एक तर इतक्यांदा बघितली आहे की आज ती सविस्तर लिहूनच काढते.

रेशमाचा पुरावा हा हातमागाचा पुरावा समजणं

माझ्या थोरल्या बहिणीने लेकीच्या लग्नासाठी अठरा हजारांची पैठणी घेतली. तिने काळजी घेतली नाही असं अजिबात नाही. पदराच्या टोकाचा धागा काढून जाळला, केस जळल्यासारखा वास आला, राख बोटात चुरगळली. वर सिल्क मार्कचं लेबल होतं, होलोग्रामसकट. दुकानदार म्हणाला, "अक्का, शंभर टक्के प्युअर हँडलूम." तिने पैसे मोजले.

वर्षभराने हळदीकुंकवाला ती साडी नेसली आणि पाटल्यांमध्ये पदराची मागची बाजू अडकली. सोडवायला गेली तर हिरवा धागा वीतभर ओढला गेला आणि समोरून मोराची मान चुरगळली. मग ती साडी घेऊन आम्ही दोघी पैठणला एका ओळखीच्या विणकराकडे गेलो. त्यांनी समोरची बाजू बघितलीसुद्धा नाही. पदर उलटा मांडीवर पसरला, त्यावरून नख फिरवलं. नख दर बोटभर अंतरावर धाग्यांत अडकत होतं. "ताई, रेशीम खरं आहे, त्यात फसवणूक नाही. पण ही हातमागाची नाही, पॉवरलूमवरची आहे."

इथेच बहुतेकांचं चुकतं. धागा जाळून कळतं ते एवढंच की तो रेशीम आहे की पॉलिस्टर. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते, रेशमाची राख होते. तो धागा माणसाने विणला की मोटरने, हे राखेला काय ठाऊक? सिल्क मार्कचंही तेच. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली ती खूण आली आणि ती फक्त शुद्ध रेशमाची हमी देते. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीला सिल्क मार्क लावणं पूर्णपणे नियमात बसतं. हातमागासाठी वेगळी खूण आहे, हँडलूम मार्क, ती २००६ पासून आहे. दुकानदार पहिली खूण दाखवून दुसरीचे पैसे घेतो आणि आपण देतो.

पदर उलटा न करणं

माग ओळखायचा तर पैठणीचा पदर कसा विणतात ते एकदा समजून घ्या, मग कुणाला विचारावं लागणार नाही.

हातमागावर पदराची जमीन जरीची असते आणि मोर, मुनिया, वेलबुट्टी रंगीत रेशमाची. प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते. विणकर उभे धागे मोजून हिरवी कांडी मोराच्या पिसाऱ्यापुरतीच नेतो, तिथे शेजारच्या रंगाच्या किंवा जरीच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. म्हणजे हिरवा धागा जिथे हिरवं दिसायला हवं तिथेच असतो, पुढे जातच नाही. एका आडव्या ओळीत अशा कितीतरी कांड्या लागतात, म्हणून एका दिवसात पदर जेमतेम सरकतो. याचा परिणाम असा की पदर उलटला तरी मोर मोरच दिसतो. रंग तेच, रेघ तीच, कुठे कुठे रंग बदलताना सोडलेलं धाग्याचं बारीकसं टोक तेवढं जाणवतं.

यंत्रमागावर जॅकार्ड, म्हणजे नक्षी आपोआप उठवणारं यंत्र, लावलेलं असतं. तिथे रंगीत धागा एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत मागच्या बाजूने लोंबत जातो. हे लोंबते धागे एक तर तसेच राहतात, नाहीतर कातरतात. कातरले असतील तर मागे खरखरीत लव लागते आणि मोराच्या कडा फिसकटलेल्या दिसतात. माझी सवय अशी: डोळे मिटून पदराच्या मागच्या बाजूवरून अंगठ्याचं नख आडवं फिरवते. अडकलं किंवा खरखरलं की घडी घालून परत देते. समोरून किती सुंदर आहे हे मग बघतही नाही, कारण बघितलं की मन वळतं.

पदरामागे आधीच नेट शिवलेली असेल तर उसवून दाखवायला सांगा. लोंबते धागे अडकू नयेत म्हणूनच ती लावतात. कांडीने विणलेल्या पदराला नेटची गरज नसते.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा, नाहीतर चांगल्या विणकरावर आळ घ्याल. ब्रोकेड काठाची पैठणी हातमागावरही जॅकार्ड लावून विणतात. तिच्या काठाच्या मागे लोंबते धागे दिसणारच. म्हणून निकाल काठावरून लावायचा नाही, पदरावरून लावायचा. पदरही जॅकार्डचाच असेल तर साडी हातमागाची असू शकते, पण मग ती कांडीकामाची पैठणी नाही आणि किंमतही तशी नको.

बाकीच्या चुका, थोडक्यात

किनारीला टाचणीची भोकं दिसली की लोक खूश होतात. कापड ताणून धरायची सोय यंत्रमागावरही असते आणि तिचीही भोकं पडतात, तेव्हा त्यावर जाऊ नका. उलट किनारीला कापलेल्या धाग्यांची झालर दिसली तर साडी सरळ नाकारा, कारण हातमागावर धोटा परत फिरतो आणि किनार बंद होते. बंद किनार मात्र साध्या यंत्रमागावरही होते, म्हणजे ही खूण नाकारायला चालते, स्वीकारायला नाही.

"थोडी वाकडीतिकडी आहे म्हणजे हातमाग" हेही चुकीचं. खराब विणलेली यंत्रमागाची साडीही वाकडीच असते. मी पदरातले दोन सारखे मोर पट्टीने मोजते. हाताच्या ठोक्याने विणलेल्या मोरांच्या उंचीत किंचित फरक पडतो.

"सेमी पैठणी" म्हणजे अर्धी हातमागाची नव्हे. ती यंत्रमागाचीच. तसं सांगून, त्या किमतीत विकली तर माझी काही तक्रार नाही.

आणि किंमत. वीस दिवस माग चालला आणि रोजची मजुरी पाचशे धरली तरी दहा हजार मजुरीतच गेले, रेशीम, जर आणि रंगाई वेगळी. तरीही चार हजारांत "हातमाग पैठणी" मिळाली म्हणून फोन करणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांच्याशी वाद घालायचं मी आता सोडलं आहे.

"विणकर सोसायटी" अशी पाटी बघून विश्वास ठेवणं

ही माझी दुसरी दुखरी जागा. रस्त्यालगतच्या मोठ्या दुकानावर पाटी असते, आत दारातच एक माग मांडलेला असतो, त्यावर कुणीतरी बसलेलं असतं. लोक फोटो काढतात आणि कपाटातल्या दोनशे साड्या त्याच मागावरच्या आहेत असं समजून घेतात. एका मागावर वर्षाला किती साड्या उतरतील याचा हिशोब कुणीच करत नाही. अशाच एका दुकानात मी विचारलं, "ही साडी कुणी विणली?" तिथल्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं की गव्हाच्या पोत्यावर शेतकऱ्याचं नाव विचारलं असावं.

खऱ्या विणकर सहकारी संस्थेत या प्रश्नाला उत्तर असतं. साडी कुठल्या सभासदाच्या मागावरून उतरली हे त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं, कारण मजुरी त्यावरच देतात. म्हणून मी तीन गोष्टी मागते: संस्थेचा नोंदणी क्रमांक, विणणाऱ्याचं नाव आणि त्याचा माग बघायची परवानगी. हातमाग गणनेत नोंद झालेल्या विणकरांकडे ओळखपत्र असतं, तेही दाखवतात. पाटीबद्दल शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरला वस्त्रोद्योग विभागाचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथे नोंदणीकृत हातमाग संस्थांची यादी विचारा. घरबसल्या बघायचं तर केंद्र सरकारच्या indiahandmade.com वर विणकर आणि संस्था थेट विकतात. राज्य हातमाग महामंडळाची "इंद्रायणी" दुकानं आहेत, पण ती महामंडळाची विक्री, विणकराशी थेट गाठ तिथे पडत नाही.

लेकीच्या वेळी झालेली चूक सुनेच्या वेळी नको म्हणून बहिणीने पैठणच्या विणकराकडेच साडी सांगितली. तिला जांभळी हवी होती आणि महिन्यात हवी होती. त्यांनी शांतपणे मागाकडे बोट दाखवलं. "ताई, आत्ता मागावर लाल ताणा आहे. त्यात निळा बाणा टाकला तर जांभळट धूपछाव येईल. नुसती जांभळी हवी तर हा ताणा संपेपर्यंत थांबा, मग जांभळा चढवतो." ताणा एका साडीचा नसतो, त्यावर ओळीने काही साड्या उतरतात. तयार कपाटातून पाच मिनिटांत रंग निवडायची सवय लागलेल्यांना हे थांबणं जड जातं आणि ते परत त्याच दुकानात जातात. बहीण धूपछावेला तयार झाली.

आम्ही १८ इंचांचा बांगडी मोराचा पदर ठरवला, निम्मे पैसे आधी दिले आणि पावतीवर "हातमाग, कांडीकाम पदर" असं लिहून घेतलं. दर पंधरा दिवसांनी मागावरचा फोटो मागवला, आणि तोही उलट्या बाजूचा. दूरवरून घेणाऱ्यांनी एवढं तर कराच: समोरच्या बाजूचे फोटो कुणीही पाठवतो, पदर उलटा करून त्यावर नख फिरवल्याचा व्हिडिओ मागा. यंत्रमागाची साडी विकणारे बहुतेक जण तिथेच फोन ठेवतात.

अडीच महिन्यांनी साडी उतरली. बहिणीने घडी उघडली, पदर उलटा केला आणि पाटल्या घातलेला हात दोनदा त्यावरून मुद्दाम ओढला. काही अडकलं नाही. मग तिने उरलेले पैसे मोजून दिले.