पत्रिकेच्या दोन प्रूफांचे स्क्रीनशॉट एकावर एक ठेवताय? या चुका टाळा

आमच्या जळगावकडे लग्नसराई लागली की डीटीपीवाला दुसरं प्रूफ पाठवतो आणि म्हणतो, "भो, फक्त हळदीची वेळ बदलली, बाकी कशाला हात नाही लावला". ते खरं का हे बघायला मी गिम्पमध्ये जुनं प्रूफ उघडतो, नवं `Open as Layers` ने त्याच्यावर टाकतो आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी ५० करतो.

पहिली चूक इथं नाही, त्याच्या आधीच होते. एक स्क्रीनशॉट मोबाईलचा, दुसरा कॉम्प्युटरचा, नाहीतर फोटो म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेला, मग अक्षरांभोवती जो धुरळा दिसतो तो डीटीपीवाल्याचा नसतो, फोटो दाबून लहान केल्याचा असतो. दोन्ही पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून मागवा, एकाच कॉम्प्युटरवर, एकाच झूमवर उघडा, आणि पीएनजी सेव्ह करा.

तरी अक्षरं दोन-दोन दिसली तर लगेच ओढाताण करू नका, आधी अंतर बघा. सगळीकडे सारखंच असेल तर लेयर नुसता सरकलाय, मूव्ह टूल घेऊन बाणाच्या बटणांनी एकेक पिक्सेल हलवा. वर डावीकडे जुळतंय आणि खाली उजवीकडे जाताना अंतर वाढत चाललंय तर झूम वेगळा होता, तिथं लेयर ताणून बसवण्यापेक्षा स्क्रीनशॉट परत घ्या. आणि एका ओळीपर्यंत सगळं बरोबर, तिथून खाली सगळंच घसरलंय, तर त्याच ओळीत काहीतरी वाढलंय किंवा गेलंय. ती ओळ नीट वाचा, मग लेयर खालच्या भागाशी जुळवून तो भाग वेगळा तपासा.

दुसरी मोठी चूक म्हणजे ५० वरच थांबणं. जुळवायला ते चांगलं, पण शोधायला कच्चं, एखादा अनुस्वार गेला तर तिथं फक्त फिकट ठिपका राहतो आणि डोळा तो सोडून देतो. जुळलं की ओपॅसिटी परत १०० करा आणि वरच्या लेयरचा `Mode` बदलून `Difference` करा. सारखं असेल ते काळं, वेगळं तेवढंच उजळ. फिकट रंगाचा फरक काळ्यातच लपतो म्हणून `Layer > New from Visible` करून त्या नव्या लेयरवर `Colors > Levels` मधला पांढरा त्रिकोण डावीकडे ओढा.

मागच्या पत्रिकेत असं केलं तर दोन जागा उजळल्या. हळदीची वेळ, ती सांगितलेलीच. आणि मुहूर्त, १२.३५ चा १२.२५ झालेला, म्हणजे एका आकड्याएवढा ठिपका, ५० वर मी तो दोनदा बघून सोडला होता.

बाकी सगळं काळं होतं म्हणून छापायला दिलं. नवरीच्या मामांचं गाव मात्र दोन्ही प्रूफांत सारखंच चुकलेलं होतं, ते दिसणार कसं?