दहा मिनिटांचा उशीर आणि परीक्षा नियंत्रकांना लिहिलेला अर्ज

2011 च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. बी.ए. तिसऱ्या वर्षाचा अर्थशास्त्राचा पेपर साडेदहाला होता. मी घाटाखालच्या गावातून सकाळी 7.40 च्या एसटीने निघाले होते. एरवी ती साडेनऊला स्टँडवर पोचते, म्हणजे पेपरआधी तासभर हाताशी राहतो. त्या दिवशी सव्वाआठनंतर घाटात एक ट्रक आडवा झाला आणि दोन्ही बाजूंची वाहतूक थांबली. रस्ता मोकळा व्हायला 9.55 वाजले. अकरा वाजता बस स्टँडवर आली, तिथून मी धावत निघाले आणि 11.10 ला केंद्राच्या फाटकाशी पोचले. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासापर्यंतच आत घेतात. मला दहा मिनिटं उशीर झाला होता.

फाटकावरच्या शिपायाने वरिष्ठ पर्यवेक्षकांना बोलावलं. त्यांनी माझं हॉलतिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि नाही म्हणाले. मी रडले, हात जोडले, उपयोग झाला नाही. आज मी स्वतः महाविद्यालयात शिकवते आणि परीक्षेच्या दिवसांत वरिष्ठ पर्यवेक्षक म्हणून त्याच जागी उभी राहते. त्यामुळे त्या नकारामागचं कारण मला आता नीट सांगता येतं. पहिला अर्धा तास वर्गातून कुणालाही बाहेर सोडत नाहीत, त्यानंतर सोडतात. म्हणजे अर्ध्या तासानंतर प्रश्न बाहेर गेलेले असू शकतात. त्यानंतर आत येणाऱ्याने ते पाहिले नाहीत याची खात्री कुणालाच देता येत नाही. मोबाइल आल्यापासून तर हा धोका फार वाढला. पर्यवेक्षकाला तुमची कितीही दया आली तरी ही अट ओलांडण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. म्हणून फाटकावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. तो वेळ कागदासाठी लागणार आहे.

मी घरी जायला निघाले होते. महाविद्यालयाच्या कार्यालयातले मुख्य लिपिक, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणायचो, त्यांनी व्हरांड्यात अडवलं. म्हणाले, "पोरी, आत ये, पाणी पी. मग मला वेळा सांग. बस किती वाजता सुटली, कुठं थांबली, इथं किती वाजता आलीस. एवढंच सांग."

मी आधीच वहीच्या पानावर एक अर्ज खरडला होता. त्यात आईवडिलांचे कष्ट होते, माझं वर्ष वाया जाईल हे होतं, शिपाई उद्धटपणे बोलला हेही होतं. वेळ एकच होती, "थोडासा उशीर झाला". भाऊसाहेबांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं असं होतं, की विद्यापीठात हा कागद वाचणाऱ्या माणसापुढे केंद्राचा अहवालही असतो. त्या अहवालात तुझी वेळ लिहिलेली असणार. तुझ्या अर्जातली वेळ तिच्याशी जुळली तरच पुढचं वाचलं जाईल. शिपायाबद्दलची ओळ त्यांनी काढायला लावली. मी आत न जाण्याचं कारण वेळ होतं, शिपायाचं बोलणं नव्हतं. दोन्ही एकत्र लिहिलं की अर्जाची तक्रार होते, आणि तक्रारीचं टेबल वेगळं असतं.

पुरावा गोळा करायला मी लगेच स्टँडवर परत गेले. तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. मशिनच्या तिकिटावर तारीख, वेळ आणि कुठून कुठे ते छापलेलं असतं. पण त्यावरून बस कधी निघाली एवढंच कळतं, कधी पोचली ते नाही. ती नोंद वाहतूक नियंत्रकाकडे असते. मी खिडकीवर जाऊन सांगितलं, की ही बस घाटात अडकल्यामुळे उशिरा आली हे लेखी हवं आहे, परीक्षा चुकली आहे. त्यांनी एका चिठ्ठीवर गाडीची फेरी, ठरलेली वेळ 9.30, आल्याची वेळ 11.00 आणि कारण लिहून शिक्का दिला. दहा मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या दिवशी गेले असते तर कर्मचारी बदललेले असते आणि जुनी नोंद शोधायला अर्ज करावा लागला असता. रेल्वेने येणाऱ्यांनीही हेच करावं, गाडी उशिरा आल्याचा दाखला स्टेशन मास्तरांकडे त्याच दिवशी मागावा. स्वतःच्या दुचाकीने येणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे, कारण त्यांच्याकडे असा तिसऱ्या माणसाचा कागद सहसा नसतो. अशा वेळी पंक्चर काढल्याची पावतीही जोडा, पण तिचं वजन कमी हे लक्षात ठेवा.

मग भाऊसाहेबांनी समोर बसवून अर्ज पुन्हा लिहून घेतला. तो साधारण असा होता:

"प्रति, मा. परीक्षा नियंत्रक. मा. केंद्रप्रमुख व मा. प्राचार्य यांच्यामार्फत.

विषय: परीक्षा केंद्रावर उशिरा पोचल्याने प्रवेश न मिळाल्याबाबत.

महोदय, मी तृतीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी असून माझा बैठक क्रमांक, कायम नोंदणी क्रमांक, केंद्र क्रमांक व विषयाचा सांकेतांक खाली दिला आहे. आज सकाळी 10.30 वाजता असलेल्या पेपरसाठी मी 7.40 च्या बसने निघाले. ही बस 9.30 वाजता पोचणे अपेक्षित होते. घाटात ट्रक आडवा झाल्याने सुमारे 8.25 ते 9.55 वाहतूक बंद होती. बस 11.00 वाजता स्थानकात आली व मी 11.10 वाजता केंद्रावर हजर झाले. प्रवेशाची मुदत 11.00 पर्यंत असल्याने मला प्रवेश देण्यात आला नाही. बसचे तिकीट व वाहतूक नियंत्रकांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

विनंती: (1) वरील कारणाची नोंद घ्यावी. (2) या प्रसंगामुळे बाधित विद्यार्थ्यांसाठी विशेष परीक्षा घेण्याचे ठरल्यास माझा समावेश करावा. (3) तसे न झाल्यास पुढील सत्रात या विषयाची परीक्षा देण्याबाबत मार्गदर्शन व्हावे."

खाली सही, तारीख, अर्ज दिल्याची वेळ आणि फोन नंबर.

यातल्या दोन जागा मी आजही विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते. पहिली म्हणजे "प्रवेश देण्यात आला नाही" हे वाक्य. "मला परीक्षेपासून वंचित ठेवले" असं मी आधी लिहिलं होतं. नियमाप्रमाणे झालेल्या गोष्टीला अन्याय म्हटलं, की वाचणारा माणूस आधी केंद्राची बाजू सांभाळायला बसतो. दुसरी जागा विनंतीची. "माझी परीक्षा पुन्हा घ्यावी" एवढंच लिहिलं तर उत्तर जवळपास नक्की नकारार्थी येतं, कारण एका विद्यार्थ्यासाठी नवी प्रश्नपत्रिका काढून पेपर घेणं सहसा होत नाही. "विशेष परीक्षा ठरल्यास समावेश करावा" ही विनंती मात्र मान्य करण्यासारखी असते.

ती ओळ किती कामाची आहे हे मला पर्यवेक्षक झाल्यावर कळलं. एका पावसाळ्यात पुराच्या पाण्याने रस्ता बंद झाला आणि आमच्या केंद्रावरचे बरेच विद्यार्थी पोचू शकले नाहीत. काही जण तासाभराने आले, त्यांना आत घेता आलं नाही. काही दिवसांनी विद्यापीठाने बाधितांसाठी पेपर घ्यायचं ठरवलं आणि केंद्राकडून नावं मागवली. आम्ही यादी कशावरून केली? त्याच दिवशी आलेल्या अर्जांवरून. जे आले, परत पाठवले गेले आणि न लिहिता घरी गेले, त्यांच्याबद्दल आमच्याकडे फक्त गैरहजेरीची खूण होती. अजिबात न निघालेला विद्यार्थी आणि चिखलातून चालत येऊन फाटकावरून परतलेला विद्यार्थी आमच्या कागदावर सारखेच दिसत होते. त्यातल्या दोघांची नावं घालण्यासाठी मी नंतर बरीच पत्रं लिहिली. एकाचं काम झालं, एकाचं नाही. ते मला अजून लागतं.

माझ्या वेळी असं काही झालं नाही. घाटात अडकलेली परीक्षार्थी त्या बसमध्ये मी एकटीच होते. महिन्याभराने उत्तर आलं, की विशेष परीक्षा घेता येणार नाही, पुढील सत्रात बसावं. निकालात त्या विषयापुढे गैरहजर आलं आणि एप्रिलमध्ये मी तो पेपर दिला. पुढे एम.ए.च्या प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेवरची ती खूण पाहून विचारणा झाली, तेव्हा पोच असलेली प्रत दाखवली आणि प्रश्न तिथेच मिटला.

पोच म्हणजे काय ते नव्याने आलेल्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवायची. शक्य असेल तर वेळही लिहून घ्यायची. नुसता ई-मेल पाठवून थांबू नका. माझ्या पाहण्यात असे मेल बैठक क्रमांकाशिवाय, कधी तर नुसत्या टोपणनावाच्या पत्त्यावरून येतात आणि कुणाचे आहेत हेच शोधता येत नाही. विषयाचा सांकेतांक हॉलतिकीट समोर ठेवूनच उतरवा. मी घाईत आदल्या पेपरचा लिहिला होता, भाऊसाहेबांनी पकडला. तो तसाच गेला असता तर मी हजर असलेल्या पेपरबद्दल अर्ज केल्यासारखं झालं असतं.

खोटं कारण लिहिण्याचा मोह होतो. ओळखीच्या डॉक्टरकडून आजारपणाचा दाखला आणा, असं मलाही एकाने सुचवलं होतं. पण 11.10 ला फाटकावर धापा टाकत उभी असलेली मुलगी त्याच वेळी अंथरुणावर कशी असेल? केंद्राचा अहवाल आणि दाखला शेजारी ठेवले की हे लगेच दिसतं, आणि मग प्रकरण उशिराचं न राहता खोट्या कागदाचं होतं.

पत्र कुणाच्या नावे लिहायचं हेही बदललं आहे. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानंतर राज्याच्या विद्यापीठांत परीक्षा नियंत्रकाच्या जागी संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ हे पद आलं. बोलताना अजूनही सगळे नियंत्रकच म्हणतात. स्वायत्त महाविद्यालयांत मात्र परीक्षा नियंत्रक हे पद असतं, आणि तिथे अर्ज विद्यापीठाकडे नाही तर त्यांच्याकडेच जातो. बारावीच्या विद्यार्थ्याने केंद्रसंचालकांमार्फत आपल्या विभागीय मंडळाच्या सचिवांना लिहावं. तिथे पेपर अकराला असला तरी साडेदहाला हजर राहायचं असतं, आणि चुकलेल्या विषयासाठी पुरवणी परीक्षेची वाट असते. नीटसारख्या प्रवेशपरीक्षेत फाटक दीड वाजता बंद होतं, पेपर दोनला सुरू होतो. तिथे फक्त स्वतःच्या उशिरावर लिहिलेल्या अर्जातून काही निघेल अशी आशा मी कुणाला देत नाही.

आणखी एक. अर्ज देऊन झाला की उद्याच्या पेपरचं हॉलतिकीट परत पिशवीत ठेवलं का, ते बघा. त्या दिवशी मी ते झेरॉक्सच्या दुकानात विसरले होते. संध्याकाळी भाऊसाहेबांनी एका मुलाला पाठवून ते माझ्यापर्यंत पोचवलं. रात्री मी गावी गेले नाही, मैत्रिणीच्या खोलीवर राहिले आणि सकाळी साडेनऊला वर्गाबाहेर उभी होते.