अमेरिकेत आल्यावर नाव कुठल्या क्रमाने लिहायचं?

दहावीच्या गुणपत्रिकेवर आपण 'केळकर निखिल दत्तात्रय', आधारवर 'निखिल दत्तात्रय केळकर'. महाराष्ट्रात यामुळे कुणाचं काही अडत नाही. इथे अडतं.

इथले फॉर्म फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन रकाने देतात, भारतीय पासपोर्टवर मात्र दोनच असतात: सरनेम आणि गिव्हन नेम. वडिलांचं नाव बहुतेक वेळा गिव्हन नेममध्ये बसतं. तुमचं कसं बसलंय हे पाहायचं तर फोटोच्या पानावर अगदी खाली ही ओळ शोधा:

```
P<INDKELKAR<<NIKHIL<DATTATRAYA<<<<<<
```

दोन << च्या आधीचं, IND नंतरचं ते आडनाव; पुढचं सगळं गिव्हन नेम. इथली यंत्रं हेच वाचतात. म्हणून आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, काढताना फर्स्ट नेममध्ये 'निखिल दत्तात्रय' दोन्ही टाकावं लागतं, नुसतं 'निखिल' टाकून नोंद सापडली नाही की लोक घाबरतात. मिडलचा वेगळा रकाना असेल तिथे वडिलांचं नाव त्यात घाला. पण लास्ट नेममध्ये आडनावाशिवाय काहीही नको.

हे मी ओरडून सांगतो, कारण माझी पहिली दोन वर्षं यातच गेली. नोकरीच्या पहिल्या दिवशी शाळेतल्या सवयीने मी 'केळकर, निखिल, दत्तात्रय' असं ओळीने भरलं. झालं, पगारपत्रकात माझं आडनाव दत्तात्रय! सोशल सिक्युरिटी कार्डावर ते बरोबर, केळकरच होतं. पगार दर महिन्याला खात्यात येत होता, मग शंका कशाला येईल? पण मालकाने पाठवलेल्या डब्ल्यू-२ वरचं, म्हणजे वर्षभराच्या पगाराच्या दाखल्यावरचं नाव आणि नंबर जुळले नाहीत, की ती कमाई तुमच्या सोशल सिक्युरिटीच्या खात्यावर चढत नाही, बेवारशी नोंदींच्या वेगळ्या फाइलीत जाऊन पडते. मला कळलं ते ssa.gov या सोशल सिक्युरिटीच्या साइटवर खातं उघडल्यावर. त्या दोन वर्षांपुढे शून्य. मग कंपनीच्या मागे लागून दोन्ही वर्षांचे दुरुस्तीचे डब्ल्यू-२सी काढून घेतले. तोवर कंपनीतली पगार बघणारी बाई बदलली होती, आणि नव्या बाईंना आडनाव आधी का लिहिलं हे समजावण्यातच तीन फोन गेले. तुम्ही पहिल्याच पगाराच्या स्लिपवरचं लास्ट नेम कार्डाशी ताडून बघा. आणि वर्षातून एकदा ssa.gov वरची कमाईची नोंदही.

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी छातीठोकपणे सांगेल, 'वडिलांचं नाव उडवूनच टाक, इथे कोण विचारतंय!' त्यांचं ऐकू नका. एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही, असं झालं की लायसन्सच्या खिडकीवर तुम्हीच अडकता.

पासपोर्टवर सरनेमचा रकाना कोरा असेल तर भारतातच, व्हिसाआधी, भरून घ्या. नाहीतर व्हिसावर सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिलं नाव म्हणून `FNU`, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', छापून येतं. इथले लोक मग तुम्हाला त्याच नावाने हाक मारतात.

लग्नानंतर मधलं नाव बदललेल्या बायकांनी विवाहाचा दाखला हाताशी ठेवावा.