बिघ्याचं हेक्टर करताना: माझा अनुभव

उत्तर प्रदेशातल्या जुन्या खतौनीत, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, क्षेत्र ‘३-७-१०’ असं येतं: बिघा, बिस्वा, बिस्वांसी. २० बिस्वांसींचा बिस्वा, २० बिस्व्यांचा बिघा. त्याला ३.७ बिघे समजलं की जमीन सरळ वाढते. आधी खालून वर यायचं: १० बिस्वांसी म्हणजे अर्धा बिस्वा, साडेसात भागिले २० म्हणजे ०.३७५. एकूण ३.३७५ बिघे. पक्का बिघा ३,०२५ चौरस यार्डांचा, म्हणजे सुमारे २,५२९ चौरस मीटर, उत्तर ०.८५४ हेक्टर. कच्चा बिघा बराच लहान असतो आणि गावागणिक बदलतो. म्हणून कागदात जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, ५५ यार्डांची आहे का, हे पाहतो. ५५ गुणिले ५५ म्हणजेच पक्का बिघा. खुलासा नसेल तर हेक्टर लिहीत नाही, बिघाच ठेवतो. ‘सेर’ आणि ‘सीर’ यांचीही गल्लत करायची नाही. ‘सेर’ हे वजन: ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. ‘सीर’ म्हणजे जमीनदाराची स्वतःच्या कसणुकीची जमीन. तिथे किलो लिहिणं ही घोडचूक.