इग्नूच्या असाइनमेंट आणि परीक्षा एकाच महिन्यात अंगावर आल्या तर

मी इंदूरला एका सीएच्या ऑफिसात आहे आणि इग्नूमधून इंग्रजीत एमए करतेय. पहिल्या वर्षी चार पेपर, MEG-01 ते 04, आठ-आठ क्रेडिटचे, आणि एका क्रेडिटला तीस तास धरतात म्हणजे वर्षाचे 960 तास, हा हिशोब मी ॲडमिशन घेताना केलाच नव्हता.

जूनच्या परीक्षेसाठी असाइनमेंट मार्चअखेर द्यायच्या होत्या. आता मार्चमध्ये आमच्याकडे ऑफिसचं क्लोजिंग, त्यात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, राजवाड्याकडे फिरकायचीही सोय नाही आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. सगळे सांगत होते, अगं मुदत वाढतेच, कशाला घाई करतेस. आणि वाढलीच! एकदा नाही, दोनदा, तिथेच मी फसले, कारण परीक्षा काही पुढे सरकली नाही आणि मेच्या शेवटी मी दिवसभर पानं लिहीत बसले होते. सगळं हातानेच लिहायचं असतं, माझी एका पेपरची साधारण तीस पानं झाली, तासाला चार पानं धरा, म्हणजे वाचन सोडून नुसतं लिहायलाच साडेसात तास, आणि असे चार पेपर.

बरं, फायदा किती? असाइनमेंटला 30 टक्के वजन, परीक्षेला 70. असाइनमेंटमध्ये 15 मार्क जास्त मिळाले तर फायनलमध्ये साडेचारच वाढतात, तेच 15 परीक्षेत मिळाले तर साडेदहा. शिवाय पास व्हायला दोन्हीत वेगवेगळे 40 लागतात, म्हणजे असाइनमेंटला 80 असले तरी परीक्षेतल्या 35 ला ते वाचवत नाहीत. मला ड्रामाच्या पेपरला 36 पडले, असाइनमेंटला 74 होते. नशीब, असाइनमेंटचे मार्क तसेच धरले जातात, परत लिहायला लागली नाही, डिसेंबरला फक्त पेपर दिला.

दुसऱ्या वर्षी मी चारही असाइनमेंट जानेवारी-फेब्रुवारीत उरकल्या, दर दोन आठवड्यांना एक, शनिवारी वाचायचं आणि रविवारी लिहायचं. पण परीक्षेचा फॉर्म जूनला दोनच पेपरचा भरला, उरलेले दोन डिसेंबरला ठेवले, असं चालतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एक मात्र बघा, जुना राहिलेला पेपर आणि चालू वर्षाचा पेपर एकाच दिवशी, एकाच सत्रात येऊ शकतात, तेव्हा त्यातला एक सोडावाच लागतो, म्हणून डेटशीट आली की पहिल्यांदा हेच तपासा.

आणि असाइनमेंटची प्रश्नपत्रिका कुठल्या वर्षाची आहे ते नीट वाचा हो, माझ्या मैत्रिणीने मागच्या वर्षीची असाइनमेंट लिहून काढली होती, सगळी तीस पानं, सेंटरवर घेतलीच नाही.