इराणी सहकाऱ्याच्या आईचं निधन: फारसी संदेशात या चुका टाळा

तेहरानमधल्या सहकारी बाईंची आई गेल्याचं कळतं आणि मनातलं वाक्य आपण जसंच्या तसं फारसीत उतरवतो: 'शेनीदम मादरत मोर्द, खेयली मोतअस्सेफम.' आई गेल्याचं ऐकलं, फार वाईट वाटलं, असा त्याचा अर्थ. व्याकरण बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला ते लागतं.

सगळ्यात खटकतं ते 'मोर्द'. मराठीत कुणाची आई 'मेली' असं आपण तिच्या मुलीला लिहीत नाही, तसंच हे. तिथे 'दर्गोझश्त', म्हणजे 'निधन पावल्या', लिहावं. 'मादरत'मधला शेवटचा 'त' म्हणजे 'तुझी'. कार्यालयातल्या माणसाला 'मादरेतान', म्हणजे 'तुमच्या मातोश्री'. गेलेल्या व्यक्तीलाही आदरार्थी बहुवचनच लागतं, म्हणून 'त्यांचा आत्मा' म्हणताना 'रूहश' नव्हे, 'रूहेशान'. आणि 'मोतअस्सेफम' एवढ्यावर थांबलात तर संदेश कोरडा वाटतो, कारण इराणी माणूस अशा वेळी 'तस्लियत', म्हणजे सांत्वन, या शब्दाची वाट पाहतो.

नीट केलेला मजकूर असा होईल. सुरुवातीला 'खानमे' (पुरुष असल्यास 'आगाये') आणि आडनाव, मग:

'दर्गोझश्ते मादरे गेरामीतान रा समीमाने तस्लियत अर्झ मीकोनम. बराये शोमा व खानेवादेये मोहतरम सब्र व शकीबायी आरेझू मीकोनम. रूहेशान शाद व यादेशान गेरामी.'

आदरणीय मातोश्रींच्या निधनाबद्दल मनापासून सांत्वन, तुम्हाला व कुटुंबीयांना धीर मिळो, त्यांचा आत्मा सुखी राहो आणि स्मृती जपली जावो. पाठवताना अर्थातच फारसी लिपीत टाइप करा. तीन वाक्यं पुरेशी आहेत. आजार काय होता, कधी झालं, हे इथे विचारू नये.

दुसऱ्याचा संदेश उचलून पाठवण्यात वेगळाच धोका आहे. तो वडिलांसाठी लिहिलेला असेल तर 'पेदर' बदललं जातं, पण 'मर्हूम', म्हणजे 'दिवंगत', तसंच राहून जातं. फारसीत एरवी लिंगभेद नसला तरी अरबीतून आलेल्या या शब्दात तो आहे: बाईंसाठी 'मर्हूमे'. त्याऐवजी मी त्याच अर्थाचा 'शादरवान' सुचवेन. तो स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, आणि घरचा धर्म ठाऊक नसेल तर जास्त सुरक्षित. त्याच कारणाने वरच्या मजकुरात मी देवाचं नाव घेतलेलं नाही. घर धार्मिक आहे हे माहीत असेल तर 'खोदा रहमतेशान कोनद', म्हणजे 'देव त्यांच्यावर कृपा करो', जरूर जोडा.

'गमे आखरेतान बाशद' हेही ऐकाल. 'हे तुमचं शेवटचं दुःख ठरो' हा रूढ आशीर्वाद आहे, लिहायला हरकत नाही.

बातमी उशिरा कळली म्हणून गप्प बसू नका. इराणमध्ये तिसरा, सातवा आणि चाळिसावा दिवस पाळतात, त्यामुळे चाळिसाव्यापर्यंत 'तस्लियत' अगदी स्वाभाविक वाटतं. वर्षश्राद्धाला मात्र 'यादेशान गेरामी' एवढंच जास्त शोभतं.

उत्तरात 'खोदा रफ्तेगाने शोमा रा बियामोर्झद' आलं तर दचकू नका. 'तुमच्या घरच्या दिवंगतांवर देवाची कृपा होवो' असं ते म्हणतात. तुमचे आई-वडील हयात असले तरी असंच म्हणायची रीत आहे.